‘टेन्शन घेऊ नका’मधलं ‘घेऊ’

नैराश्य ओळखण्यासाठी जगभरातल्या दवाखान्यांत पीएचक्यू-9 नावाची नऊ प्रश्नांची यादी वापरतात. क्रोंके, स्पिट्झर आणि विल्यम्स या तिघांनी ती 2001 साली प्रसिद्ध केली. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, एवढंच तीत विचारलेलं असतं. ‘अजिबात नाही’ला 0 गुण, ‘काही दिवस’ला 1, ‘निम्म्याहून अधिक दिवस’ला 2 आणि ‘जवळजवळ रोज’ला 3. बेरीज जास्तीत जास्त 27 होते. ती 10 किंवा त्याहून अधिक आली, तर नीट तपासणी करावी असा सर्वसाधारण संकेत आहे. दोन्ही भाषा जाणणाऱ्याला ही यादी मराठीत आणायला तासभर पुरेल, असं वरवर वाटतं. खरी कसोटी लागते ती आरोग्यकेंद्राच्या बाकावर बसलेल्या माणसाला ती वाचून दाखवताना.

दुसरा प्रश्न घ्या. इंग्रजीत त्यात डाउन, डिप्रेस्ड आणि होपलेस असे तीन शब्द ओळीने येतात. मराठीत सहज सुचतं ते ‘उदास, खिन्न किंवा निराश वाटणं’. यातलं ‘खिन्न’ पुस्तकात भेटतं, चावडीवर नाही. ‘निराश’ म्हटलं की ऐकणारा विचारतो, कशाबद्दल? कारण मराठीत निराशा कुठल्यातरी अपेक्षेला चिकटून येते: निकाल लागला नाही, बदली झाली नाही, पाऊस आला नाही. काहीही बिघडलेलं नसताना दाटून येणारा काळोख त्या शब्दात मावत नाही. ‘उदासीनता’ हा पर्याय तर भलतीकडेच जातो. मतदानाची टक्केवारी घसरली की मतदारांची उदासीनता छापून येते. तिथे कुणी दुःखी नसतं, फक्त बेफिकीर असतं. ‘नैराश्य’ हा आजाराचा रूढ शब्द आहे खरा, पण बहुतेकांच्या कानावर तो ‘नैराश्यातून आत्महत्या’ याच बातमीतून पडलेला. त्यामुळे तो उच्चारताच रुग्णाचे नातेवाईक हादरतात.

अशा अनुवादाची तपासणी करायची एक जुनी रीत आहे. मराठी मजकूर दुसऱ्या, मूळ यादी न पाहिलेल्या अनुवादकाला द्यायचा, त्याच्याकडून तो परत इंग्रजीत आणून घ्यायचा आणि दोन्ही इंग्रजी मजकूर ताडून पाहायचे. ढोबळ चुका यात पकडता येतात. ‘सेव्हरल डेज’चं कुणी ‘बरेच दिवस’ केलं असेल, तर परतीच्या इंग्रजीत तो फरक दिसण्याची शक्यता असते. ही चूक बारीक वाटली तरी महागात पडते. चौदा दिवसांतले ‘बरेच दिवस’ म्हणजे मराठी माणसाच्या हिशेबी दहा-बारा. मग 1 गुणाची पायरी 2 गुणांच्या पायरीच्या वर जाऊन बसते आणि बेरजेला अर्थ उरत नाही.

पण या रीतीला एक आंधळी जागा आहे. दोन्ही अनुवादक शिकलेले, दोघांच्या डोक्यात एकच शब्दकोश. एक डिप्रेशनचं नैराश्य करतो, दुसरा नैराश्याचं पुन्हा डिप्रेशन करतो. मजकूर तंतोतंत जुळतो आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप चाललाय त्याला काय कळलं, हे कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून पुढची पायरी गाळून चालत नाही. प्रश्न वाचून दाखवायचा आणि त्याचं उत्तर मागण्याआधी विचारायचं, ‘यात काय विचारलंय असं तुम्हांला वाटलं? तुमच्या शब्दांत सांगा.’

यातून काय हाती लागतं ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, पन्नाशीच्या एक बाई अंगदुखी आणि थकवा घेऊन आल्या आहेत. झोप रोज मोडते, 3 गुण. थकवा रोजचाच, 3. निम्म्याहून अधिक दिवस जेवण जात नाही, 2. झाले 8. आता पहिला प्रश्न: ‘कोणतंही काम करण्यात रस किंवा आनंद न वाटणं’. बाई म्हणतात, ‘असं करून कसं चालेल? धारा काढते, स्वयंपाक करते, कुठलं काम सोडलेलं नाही.’ त्यांनी प्रश्न कामचुकारपणाचा आरोप म्हणून ऐकला आणि तो फेटाळला. गुण 0. दुसऱ्या प्रश्नातल्या ‘खिन्न’ला त्या अडखळतात आणि ‘तसं काही नाही’ म्हणून मोकळ्या होतात. पुन्हा 0. उरलेल्या प्रश्नांनाही 0 मिळाला, तर बेरीज 8 वरच थांबते. 5 ते 9 म्हणजे सौम्य. बाई शक्तीच्या गोळ्या घेऊन घरी जातात.

तेच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारू. ‘पूर्वी ज्यात मन रमायचं, त्यात आता मन लागत नाही, असं किती दिवस झालं?’ बाई थोडं थांबून सांगतात, निम्म्याहून जास्त दिवस. ‘मन उदास होतं, पुढे काही बरं होईल असं वाटत नाही, असं किती दिवस झालं?’ तेही तितकेच दिवस. दोन अधिक दोन, बेरीज 12. आजार तोच, बाई त्याच. फक्त ‘रस’ जाऊन ‘मन लागणं’ आलं आणि दहाचा उंबरठा ओलांडला गेला. मात्र शब्द सोपे करताना प्रश्न बदलून टाकायचा मोह आवरावा लागतो. ‘भजनाला जावंसं वाटत नाही’ असं लिहिलं, तर कधीच भजनाला न जाणाऱ्याने काय उत्तर द्यावं? म्हणून तयार झालेली मराठी यादी शेवटी मानसोपचारतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे केलेल्या निदानाशी ताडून पाहतात. कधीकधी त्यात दहाचा उंबरठाच त्या भाषेपुरता सरकवावा लागतो.

अँक्झायटीची अडचण वेगळी. ‘काळजी’ हा आपल्याकडे गुण आहे. आईला मुलाची काळजी वाटते, निरोप घेताना आपण ‘काळजी घ्या’ म्हणतो. तेव्हा ‘तुम्हांला काळजी वाटते का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारा माणूस आजारी असेलच असं नाही. उलट ‘नाही’ म्हणणाराच निर्दयी ठरतो. चिंतारोगासाठी जीएडी-7 नावाची सात प्रश्नांची यादी आहे, 2006 सालची. तिच्यातला दुसरा प्रश्न ही गाठ सोडवतो. काळजी वाटते का, असं तो विचारत नाही. सुरू झालेली काळजी थांबवता येते का, आवरता येते का, असं विचारतो. आजार आणि स्वभाव यांच्यातली रेघ इथे आहे, म्हणून अनुवादात सगळी ताकद ‘आवरत नाही’ या शब्दांवर लावायला हवी. शिवाय छातीत धडधड, पोटात गोळा, जीव घाबरा होणं ही भाषा मराठी माणसाकडे आयतीच आहे. डॉक्टरांपाशी तो तीच घेऊन येतो आणि बऱ्याचदा ईसीजी काढून परत जातो.

ट्रॉमाच्या बाबतीत इंग्रजी शब्द जसाच्या तसा ठेवण्याचाही उपयोग नाही. महामार्गावर ‘ट्रॉमा केअर सेंटर’ची पाटी असते आणि तिथे मोडलेली हाडं जोडतात. ‘आघात’ हा शब्द बरा, पण तो घडलेल्या घटनेलाही लागतो आणि मागे उरलेल्या त्रासालाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. 1993 चा किल्लारीचा भूकंप हजारो लोकांनी सोसला, म्हणून त्या सगळ्यांनाच आजार जडला असं नव्हे. आघातोत्तर त्रास हेरणारी पीसी-पीटीएसडी-5 ही छोटी यादी म्हणूनच आधी घटना विचारते आणि मग मागच्या महिन्याबद्दल पाच प्रश्न: नको असताना ते आठवतं किंवा स्वप्नात येतं का, त्या आठवणी टाळता का, सारखे दचकता का, बधिर झाल्यासारखं वाटतं का, स्वतःला किंवा दुसऱ्याला दोष देणं थांबत नाही असं होतं का. मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे, ‘धसका’. घटना संपली तरी जी भीती संपत नाही, ती.

आणि इथेच कलंकाचा प्रश्न येतो, कारण धसका आपण ‘घेतो’. ‘तिने धसकाच घेतला.’ काळजी आपण ‘करतो’. अपमान मनाला लावून ‘घेतो’. ताप येतो, सर्दी होते, साखर वाढते. या वाक्यांत माणूस निर्दोष असतो. मनाचं दुखणं आलं की क्रियापद बदलतं आणि तोच माणूस कर्ता होतो. जे घेतलं ते घ्यायला नको होतं, जे केलं ते सोडून द्यावं, असा सल्ला मग आपोआप निघतो. ‘टेन्शन घेऊ नका’ हे आपल्याकडचं सर्वांत प्रेमळ वाक्य आहे, आणि ‘हे तुम्ही ओढवून घेतलंय’ असंही ते हळूच सांगतं. कलंक म्हटला की आपण ‘वेडा’, ‘मनोरुग्ण’, ‘येरवडा’ असे शब्द शोधतो आणि ते खोडतो. ते खोडावेतच. पण रोजचा दोष देतात ती ही साधी क्रियापदं. धसका बसला, काळजी आवरेना, मन लागेना असं म्हटलं, की तेच दुखणं तापाच्या रांगेत येऊन बसतं.

नाव सौम्य ठेवल्याने काय होतं, याचा अनुभव गोव्यात आहे. तिथल्या ‘संगाथ’ संस्थेच्या ‘मानस’ प्रकल्पात मानसोपचाराची पदवी नसलेले, पण प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक प्राथमिक आरोग्यकेंद्रांत काम करत. रुग्णाशी बोलताना आजाराचं नाव लावण्याऐवजी ‘टेन्शन’, ‘ताण’ हे लोकांचेच शब्द वापरायची त्यांची पद्धत होती. लोक त्यामुळे बोलायला बिचकत नाहीत. पण टेन्शन परीक्षेचंही असतं आणि लोकल चुकण्याचंही. ज्याला महिनोन्‌महिने उपचार लागणार आहेत, त्याला फक्त ‘टेन्शन’ सांगितलं तर तो औषध मध्येच सोडेल. मोकळेपणाने सांगता येईल असं नावही लागतंच. जपानने 2002 मध्ये स्किझोफ्रेनियाचं ‘मन दुभंगल्याचा रोग’ अशा अर्थाचं नाव बदललं. त्याआधी सुमारे 37 टक्के रुग्णांना डॉक्टर निदान सांगत. नंतर तीन वर्षांत हे प्रमाण 70 टक्क्यांच्या घरात गेलं. आपली ‘छिन्नमनस्कता’ त्या जुन्या जपानी नावाचीच बहीण आहे.

तेव्हा विचारताना लक्षणांची भाषा आणि सांगताना आजाराचं नाव, अशी वाटणी सोयीची. ‘मन लागत नाही’वरून सुरुवात करायची, आणि निदान झाल्यावर ‘याला डिप्रेशन म्हणतात, हा तुमचा स्वभाव नाही, यावर उपचार आहेत’ असं स्पष्ट सांगायचं.

यादीतल्या नवव्या प्रश्नाला मात्र सौम्य शब्द चालत नाहीत. मेलो तर बरं होईल किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, असा तो प्रश्न आहे. मराठीत ‘यापेक्षा मेलेलं बरं’ हे बसची वाट बघणाराही म्हणतो, म्हणून नुसत्या ‘हो’वर थांबता येत नाही आणि ते हसण्यावारीही नेता येत नाही. लगेच पुढचं विचारावं लागतं: जीव द्यावा असं मनात येतं का? कसा, ते ठरवलंय का? असं विचारल्याने विचार डोक्यात भरतो, ही भीती निराधार आहे. उत्तर होकारार्थी असेल, तर त्या माणसाला एकटं सोडू नये, जवळच्या रुग्णालयात न्यावं. फोनवर बोलायचं असेल, तर सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतूनही.