सामूची उडी आणि दर्शकाची निवड

अमोनियाच्या द्रावणात ब्युरेटमधून हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबथेंब सोडत गेले की द्रावणाचा सामू, म्हणजेच पीएच, उतरत जातो. हा उतार एकसारखा नसतो. बराच वेळ तो संथ असतो आणि एका ठिकाणी अचानक कोसळतो. वाढत्या आम्लासमोर सामू मांडून जो आलेख मिळतो त्याला अनुमापन वक्र म्हणतात, आणि त्यातल्या त्या कोसळत्या भागाला सामूची उडी. कोणता दर्शक वापरायचा, हे ही उडी कुठून कुठपर्यंत जाते त्यावरून ठरते.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहता येईल. शंकुपात्रात ०.१ मोलर अमोनियाचे २५ मिलीलीटर द्रावण आहे आणि ब्युरेटमध्ये ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल. अमोनिया ही सौम्य आम्लारी आहे. पाण्यात तिचे फार थोडे रेणू हायड्रॉक्साइड आयन देतात, त्यामुळे सुरुवातीचा सामू १३ नसून ११.१ च्या आसपास असतो. आम्ल पडू लागले की अमोनियाचे अमोनियम आयन होऊ लागतात. अमोनिया आणि अमोनियम एकत्र असले की ते बफरचे काम करतात, म्हणजे पडणारे आम्ल पचवून सामू फारसा हलू देत नाहीत. १२.५ मिलीलीटर आम्ल पडेपर्यंत सामू जेमतेम ९.३ पर्यंत येतो. २४ मिलीलीटरला तो ७.९ असतो.

त्यानंतरचे एक मिलीलीटर मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे असे असते. उरलेला अमोनिया इतका कमी झालेला असतो की आम्ल पचवण्याची ताकद संपत आलेली असते. २४.९५ मिलीलीटरला सामू ६.६ असतो, २५ मिलीलीटरला ५.३, आणि २५.०५ मिलीलीटरला ४.०. ब्युरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिलीलीटरचा धरला, तर हे सगळे दोन थेंबांत घडते. सुरुवातीच्या १२.५ मिलीलीटरमध्ये सामू दोनानेही उतरला नव्हता, आणि आता दोन थेंबांत तो अडीचने खाली येतो.

आम्ल आणि आम्लारी अगदी बरोबरीने संपतात तो क्षण म्हणजे समतुल्य बिंदू, आपल्या उदाहरणात २५ मिलीलीटर. तिथे सामू ७ का नाही, हा प्रश्न बहुतेकांना अडतो. ‘उदासिनीकरण’ या शब्दानेच हा गैरसमज पोसला जातो. त्या क्षणी पात्रात राहते ते अमोनियम क्लोराइडचे द्रावण. क्लोराइड आयन काही करत नाही, पण अमोनियम आयन स्वतः एक सौम्य आम्ल आहे आणि तो पाण्याला थोडे हायड्रोजन आयन देतो. म्हणून सामू ५.३ भरतो. सौम्य आम्लारी आणि तीव्र आम्ल यांच्या अनुमापनात समतुल्य बिंदू नेहमी ७ च्या खालीच पडतो.

दर्शक हा स्वतः एक सौम्य आम्ल किंवा सौम्य आम्लारी असतो, आणि त्याचे दोन रूपांतले रंग वेगळे असतात. त्याचा रंग एका सामूला झटकन बदलत नाही, तर सुमारे दीड ते दोन एककांच्या पट्ट्यात हळूहळू पालटतो. निवडीचा नियम यातूनच निघतो: हा पट्टा वक्राच्या उभ्या भागात बसला पाहिजे. पट्टा संथ उतारावर पडला, तर रंग पालटायला कितीतरी मिलीलीटर लागतील आणि थांबायचे कुठे ते कळणार नाही.

फिनॉल्फ्थॅलीनचे नेमके तेच होते. शाळेपासून ओळखीचा हा दर्शक सामू १० ते ८.३ या पट्ट्यात गुलाबीचा रंगहीन होतो. आपल्या वक्रावर सामू १० येतो सुमारे ४ मिलीलीटरला आणि ८.३ येतो २२.५ मिलीलीटरला. गुलाबी रंग अठरा मिलीलीटरभर फिका होत राहतो, आणि तो पूर्ण गेला तेव्हाही एक दशांश अमोनिया पात्रात शिल्लकच असतो.

फिनॉल्फ्थॅलीनची चूक निदान दिसते तरी. अधिक सावध राहावे ते ब्रोमोथायमॉल ब्ल्यूपासून. त्याचा पट्टा ७.६ ते ६.० असा ७ च्या दोन्ही बाजूंना पसरलेला, म्हणून तो अगदी योग्य वाटतो. पण निळा रंग २४.५ मिलीलीटरलाच पालटू लागतो. सामू ७ ला, हिरवट रंग पाहून थांबले, तर वाचन सुमारे २४.८६ येते. चूक अर्ध्या टक्क्याची, आणि तीन वेळा केले तरी तितकीच. वाचने एकमेकांशी जुळतात, म्हणून कोणाला शंकाही येत नाही.

मिथाइल रेडचा पट्टा आहे ६.२ ते ४.४, आणि ५.३ हा सामू त्याच्या बरोबर मध्यावर येतो. वक्रावर पाहिले तर ६.२ येतो समतुल्य बिंदूच्या ०.०२ मिलीलीटर आधी, आणि ४.४ येतो ०.०२ मिलीलीटर नंतर. सगळा रंगबदल एका थेंबाच्या आत उरकतो. प्रत्यक्षात तो असा दिसतो: पिवळ्या द्रावणात थेंब पडेल तिथे लाल ठिपका उमटतो आणि पात्र हलवले की विरतो. शेवट जवळ आला की ठिपका विरायला वेळ लागू लागतो. मग ब्युरेटच्या टोकाला अर्धा थेंब लोंबता ठेवून तो पात्राच्या काठाला टेकवावा आणि पाण्याने आत धुऊन घ्यावा. पात्राखाली पांढरी फरशी असली तर पिवळ्याचा नारिंगी झालेला लगेच ओळखू येतो. दर्शक दोन-तीन थेंबच घालावा, कारण तोही आम्ल किंवा आम्लारी खातो.

मिथाइल ऑरेंजचा पट्टा ४.४ ते ३.१. पिवळा रंग पहिल्यांदा नारिंगीकडे झुकला की थांबले, तर उत्तर बरोबर येते. पुरता लाल होण्याची वाट पाहिली, तर सुमारे ०.४ मिलीलीटर आम्ल जास्त जाते.

उडीची उंची द्रावणाच्या तीव्रतेवरही अवलंबून असते. दोन्ही द्रावणे दहापट पातळ, म्हणजे ०.०१ मोलर केली, तर त्याच दोन थेंबांत सामू ६.६ वरून जेमतेम ५.० वर येतो आणि समतुल्य बिंदू ५.८ वर सरकतो. मिथाइल ऑरेंज आता निरुपयोगी ठरतो, कारण त्याचा रंग फार उशिरा बदलू लागतो. मिथाइल रेड अजून चालतो, पण रंग पालटायला जास्त थेंब लागतात, म्हणून योग्य छटेचे नमुना-द्रावण शेजारी ठेवून तुलना करणे बरे.

आम्लारी फारच सौम्य असेल, तर दर्शकाची निवड हा प्रश्नच उरत नाही. ॲनिलीन अमोनियापेक्षा हजारो पटींनी सौम्य आहे. तिच्या ०.१ मोलर द्रावणाच्या वक्रात समतुल्य बिंदू सामू ३ च्या आसपास येतो आणि तिथे उडी दिसतच नाही, नुसता उतार दिसतो. उतारावर कोणताही दर्शक घातला तरी रंग रेंगाळतच बदलणार. अशा वेळी पाणीच बदलावे लागते: आम्लारी निर्जल ॲसेटिक आम्लात विरघळवून परक्लोरिक आम्लाने अनुमापन करतात. तिथे तिची आम्लारी-शक्ती वाढल्यासारखी दिसते, वक्रात पुन्हा ठळक उडी उमटते, आणि क्रिस्टल व्हायोलेट हा दर्शक ती दाखवतो. औषधांच्या तपासणीत ही रीत नेहमीची आहे.