बकेटने नकाशाचा रंग बदलत नाही

अहवालाची रंगसंगती निळी, पण हाती आलेला नकाशा पिवळा-हिरवा, आणि तोही नुसता चित्र म्हणून. मग ठरलेलं वाक्य येतं: "बकेट घे, रंग ओत, झालं!" नाही, होत नाही.

नागपूरच्या अमरावती रोडवरच्या वाडीचा जमीनवापराचा नकाशा घ्या. निवासी भाग पिवळा, सीमा काळी. डोळ्याला रंग दोनच दिसतात, पण चित्र आठपट मोठं करून पाहा. रेषा गुळगुळीत दिसावी म्हणून कडेवर मिश्र रंगाचे ठिपके घातलेले असतात. पिवळा (255, 255, 0) आणि काळा अर्धे-अर्धे मिसळले की (128, 128, 0) हा शेवाळी रंग होतो. बकेट पिवळा तेवढा निळा करते, शेवाळी तसाच ठेवते. म्हणून प्रत्येक रेषेला मळकी किनार येते. ‘वाडी’ या नावातल्या ‘व’च्या पोटात आणि वेलांटीखालीही पिवळं उरतं, कारण अक्षराने बंद केलेल्या जागेत बकेट शिरत नाही.

"मग सहनमर्यादा वाढव ना!" हे तर त्याहून वाईट. शेवाळी पकडण्याइतकी ती वाढवली, की सीमा बारीक असेल तिथून रंग शेजारच्या फिकट हिरव्या शेतजमिनीत घुसतो. नकाशा तेव्हा खोटं बोलू लागतो.

चित्रच हाती असेल, तर कडेचे रंगही बदलायला हवेत. गिम्पमध्ये `Image → Mode → Indexed` निवडा, रंगांची कमाल संख्या 32 ठेवा, `Color dithering` बंद करा. मग `Colormap` मध्ये पिवळ्याच्या जागी निळा (27, 79, 114) भरा आणि शेवाळीच्या जागी त्याचा निम्मा, (14, 40, 57). इथे रंग जागेनुसार नव्हे, यादीनुसार बदलतो. त्यामुळे ‘व’चं पोट आणि सूचीतला चौकोनही सोबतच बदलतात. मागे उपग्रहचित्र किंवा डोंगरांची छाया असेल, तर मात्र ही युक्ती चालत नाही.

"जेपीजी उघडून पीएनजी म्हणून साठवलं की स्वच्छ होतं." होत नाही. जेपीजी 8×8 ठिपक्यांच्या चौकटींत माहिती टाकून देतं. अक्षरांभोवतीचा तो कचरा पीएनजीत जसाच्या तसा जपला जातो.

"ह्यूची पट्टी सरकवली की सगळं जुळतं." पट्टी सगळेच रंग एकत्र फिरवते, म्हणून तलावही जांभळा होऊ शकतो. काळा, पांढरा, राखाडी मात्र हलत नाहीत.

"नकाशातले रंग शोभेचे असतात." केंद्राच्या 2014च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत निवासीला पिवळा आणि व्यापारीला निळा सुचवला आहे. वरच्या उदाहरणातला निळा नियोजनकाराला बाजारपेठ वाटेल. म्हणून सूची नकाशालगत ठेवा.

आणि हे सगळं करण्याआधी नकाशा करणाऱ्याला एक फोन करा. त्याच्याकडे क्यूजीआयएसची मूळ फाइल किंवा एसव्हीजी असेल, तर मागून घ्या. तिथे पिवळा हा थराचा किंवा आकृतीचा गुणधर्म असतो. तो बदलला की कडा नव्याने आखल्या जातात.