चार गोळ्या आणि तीन आठवड्यांचा खोकला

आज एक कबुली द्यायचीये. डी. फार्म झाल्यावर मी उंब्रजमध्ये एका छोट्या मेडिकलवर काम करत होतो. एका संध्याकाळी ऊसतोडीला आलेला एक माणूस काउंटरवर आला. "दादा, तीन आठवडे झाले खोकला जात न्हाई. मागच्यासारख्या त्या चार गोळ्या द्या की."

त्या गोळ्या म्हणजे लेव्होफ्लॉक्सासिन. हे अँटिबायोटिक 'शेड्यूल एच वन'मध्ये येतं. २०१४ पासून अशी औषधं विकताना चिठ्ठी बघून डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव आणि किती गोळ्या दिल्या, हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं असतं. मी काहीच लिहिलं नाही. बिलही फाडलं नाही, पट्टीतून चार गोळ्या कापून दिल्या.

का दिल्या? कारण दवाखान्यात जायचं म्हणजे डॉक्टरांची फी आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी. 'नाही' म्हणालो असतो, तर तो पुढच्या मेडिकलवर गेला असता. मला वाटलं, आपण मदतच करतोय.

आता खरी अडचण ऐका. त्याला आधीच्या गोळ्यांनी बरं वाटलं होतं, आणि घोळ तिथेच होता. लेव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूंवरही चालतं. काही जंतू मरतात, ताप उतरतो, खोकला कमी होतो. माणूस परत कोयता घेऊन फडात जातो. पण टीबी तसाच राहतो आणि थोड्या दिवसांनी खोकला परत येतो. मधल्या काळात खोपीत शेजारी झोपणाऱ्या बायकापोरांनाही लागण होऊ शकते. शिवाय अर्धवट डोसातून वाचलेले जंतू या औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या टीबीवर हेच औषध वापरतात. म्हणजे पुढे लागणारं हत्यार आपण आधीच बोथट करतो.

तो माणूस महिन्याने परत आला, तेव्हा अंगावरचा सदरा ढगळ झाला होता. या वेळी मी गोळ्या दिल्या नाहीत, सरकारी आरोग्य केंद्रात पाठवलं. थुंकी तपासली. टीबी निघाला.

ही तपासणी फुकट असते, औषधंही फुकट. साधा टीबी असेल तर साधारण सहा महिन्यांचा कोर्स असतो. उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० मिळायचे. हे त्याला पहिल्याच दिवशी सांगायला मला दोन मिनिटं लागली असती.

म्हणून मेडिकलवाल्या दोस्तांनो, खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल, रात्री घाम येत असेल, वजन उतरत असेल, तर चार गोळ्या कापू नका. थुंकी तपासायला कुठे जायचं, ते चिठ्ठीवर लिहून द्या. गरिबाला परवडेल अशी चिठ्ठी तीच आहे.