भिंतीचं वजन कुठल्या पानावर?

2019 मध्ये पुण्याजवळच्या एका सात मजली निवासी इमारतीचा स्ट्रक्चरल कॅल्क्युलेशन रिपोर्ट माझ्याकडे प्रूफ चेकिंगला आला. दोनशेहून जास्त पानं, त्यातली बहुतेक संगणकाने छापलेली. कुठल्या बीममध्ये किती सळई, कुठल्या कॉलमवर किती भार, सगळं दोन दशांश स्थळांपर्यंत दिलेलं. पण ज्यावर हे सगळं उभं असतं, तो ‘डिझाईन बेसिस’चा भाग जेमतेम दीड पानाचा होता, आणि त्यात एक ओळ होती : ‘भिंतीचा भार : 4.3 किलोन्यूटन प्रतिमीटर.’ एवढंच.

किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलो. त्या ओळीचा अर्थ असा, की बीमच्या प्रत्येक मीटर लांबीवर सव्वाचारशे-साडेचारशे किलोची भिंत उभी राहणार. ती कशाची? किती जाडीची, किती उंचीची? प्लास्टर धरलंय का? दार-खिडक्यांची जागा वजा केलीय का? ती ओळ यातलं काहीच सांगत नव्हती.

आर्किटेक्टच्या नकाशात भिंती सहा इंची, म्हणजे 150 मिलिमीटरच्या होत्या. रिपोर्टच्याच पुढच्या पानावर साहित्याच्या वजनांचा तक्ता होता आणि त्यात वीटकामाचं वजन घनमीटरला 20 किलोन्यूटन दिलं होतं. मी ते धरून हिशोब केला. मजल्याची उंची 3 मीटर, त्यातून 450 मिलिमीटरचा बीम वजा जाता भिंतीची उंची उरते 2.55 मीटर. 150 मिलिमीटर वीटकाम आणि दोन्ही बाजूंचं मिळून 32 मिलिमीटर प्लास्टर. उत्तर आलं मीटरला 9.3 किलोन्यूटन, छापलेल्या आकड्याच्या दुपटीहून जास्त.

मग एएसी ब्लॉक, म्हणजे बाजारात ज्याला हलके ब्लॉक म्हणतात ते, धरून पाहिलं. सांधे आणि ओलावा धरून त्यांचं वजन घनमीटरला 7 किलोन्यूटन घेतलं, तेव्हा बरोबर 4.3 आले. म्हणजे आकडा चुकीचा नव्हता. तो कुठल्या गृहीतकावर काढला, ते कुणी लिहिलं नव्हतं. मॉडेल केलेला इंजिनिअर तोवर नोकरी सोडून गेला होता. बिल्डरने कधीतरी बैठकीत तोंडी ‘ब्लॉक वापरू’ म्हटलं होतं, असं नंतर कळलं. आणि मी साइटवर गेलो त्या दिवशी फाटकाशी लाल विटांचे दोन ट्रक उभे होते.

हा फरक किती मोठा आहे ते पाहा. मीटरमागे सुमारे 5 किलोन्यूटन, एका मजल्यावर अशा 180 मीटर भिंती आणि सात मजले. बेरीज होते सहाशे टनांहून जास्त. हा भार बीमवरून कॉलमवर आणि तिथून पायावर जातो. शिवाय भूकंपाचं बल इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे बोजा तिकडूनही वाढतो. वीटच लावायची तर डिझाईन पुन्हा करायला हवं होतं.

अशी गफलत पकडायची एक जुनी युक्ती आहे. मॉडेलमधून पायाशी उतरणारा एकूण स्थिर भार घ्यायचा आणि सगळ्या मजल्यांच्या क्षेत्रफळाने भागायचं. इथे चौरस मीटरला 9 किलोन्यूटनच्या आसपास येत होते. विटांच्या भिंती असत्या तर 11 च्या वर जायला हवे होते. असा आकडा शंका दाखवतो, पण चूक कुठे आहे हे सांगत नाही. त्यासाठी भाराचा माग पानोपान काढता आला पाहिजे. म्हणून मी प्रत्येक भाराला एक खूण द्यायला सांगतो आणि तीच खूण मॉडेलमध्ये, नकाशावर आणि रिपोर्टमध्ये ठेवायला लावतो. या भिंतीची सुधारलेली नोंद अशी आली :

```
W-3 : 150 mm AAC wall
0.150 × 7.0 + 0.032 × 20.0 = 1.69 kN/m²
3.00 − 0.45 = 2.55 m
1.69 × 2.55 = 4.31 kN/m
```

खाली आणखी तीन गोष्टी होत्या : दार-खिडक्यांची वजावट केलेली नाही, भिंतीची जाडी आर्किटेक्टच्या कुठल्या नकाशातून आणि त्याच्या कितव्या आवृत्तीतून घेतली, आणि ब्लॉक वापरण्याबद्दल बिल्डरच्या पत्राची तारीख. मला यातली तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. घनता पुस्तकात सापडते, पण निर्णय कुणी आणि कधी घेतला हे कुठल्याही पुस्तकात सापडत नाही.

कोडचंही तसंच झालं होतं. रिपोर्टमध्ये नुसतं ‘भूकंप : आयएस 1893’ लिहिलेलं, साल नाही. ही भारतीय मानक ब्यूरोची संहिता आणि तिच्या 2002 व 2016 च्या आवृत्त्यांत एका आकड्याचा फरक या इमारतीला थेट लागू होता. त्याला महत्त्व गुणांक म्हणतात. जुन्या आवृत्तीत साध्या निवासी इमारतीला तो 1.0 होता. 2016 च्या आवृत्तीत दोनशेहून जास्त माणसं राहत असतील तर 1.2 घ्यायचा. इथे 56 फ्लॅट, घरटी चार माणसं धरली तरी 224. मॉडेलमध्ये मात्र 1.0 भरलेला. म्हणजे भूकंपाचं बल पाचवा हिस्सा वाढवायला हवं होतं. माणसांचा अंदाज रिपोर्टमध्ये एका ओळीत असता तर हे लिहिणाऱ्याच्याच ध्यानात आलं असतं. साल आणि कलम यांच्यासोबत ते कलम का लागू पडतं तेही लिहावं, असा माझा आग्रह त्या दिवसापासून आहे.

साहित्याबद्दल थोडक्यात सांगतो. तिथे सगळ्यात जास्त नडतो जुन्या फाइलमधून उचललेला मजकूर. आयएस 456 नुसार ‘मध्यम’ परिस्थितीत काँक्रीट किमान एम 25 आणि सळईवर 30 मिलिमीटर कव्हर पुरतं, पण समुद्राची खारी हवा थेट लागणाऱ्या जागी परिस्थिती ‘तीव्र’ होते आणि एम 30 व 45 मिलिमीटर लागतात. पुण्याच्या कामाची ओळ जशीच्या तशी कोकणातल्या किनाऱ्यावरच्या इमारतीच्या रिपोर्टमध्ये आलेली मी पाहिली आहे. आकडेमोड निर्दोष असते, गज मात्र पंधरा मिलिमीटर उघड्यावर येतो. म्हणून ग्रेड आणि कव्हर यांच्याआधी इमारत कुठे आहे, समुद्रापासून किती अंतरावर आहे आणि त्यावरून कुठली परिस्थिती धरली हे यायला हवं. आणि तेच आकडे नकाशावरच्या ‘सर्वसाधारण सूचनां’मध्ये आहेत का, हे शेजारी ठेवून पाहावं, कारण सेंट्रिंगवाला रिपोर्ट वाचत नाही, तो नकाशा वाचतो.

त्या सात मजली इमारतीच्या विटा परत गेल्या, ब्लॉक आले आणि गुणांक सुधारून बऱ्याच कॉलममधली सळई वाढली. दोन वर्षांनी तिथल्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा मला फोन आला. चौथ्या मजल्यावरच्या एका कुटुंबाला स्वयंपाकघराची भिंत पाडून त्याच जागी विटांची बांधायची होती, ब्लॉकला खिळा धरत नाही म्हणून. मी म्हटलं, ‘तुमच्या कपाटात रिपोर्ट आहे ना, त्यात W-3 चं पान काढा.’ त्यांनी पान शोधलं, फोनवरच वाचलं आणि थोडं थांबून म्हणाल्या, ‘इथे तर फक्त ब्लॉकच धरलेत. मग त्यांना ब्लॉकचीच बांधायला सांगते.’