नाव एकाचे, कर्ज दुसऱ्याचे

कापडाच्या एका व्यापाऱ्याचा सिबिल गुणांक ६१० वर घसरला आणि बँकेने त्याचा अर्ज नाकारला. नोकरीत असलेल्या त्याच्या चुलतभावाचा गुणांक ७९० होता. ‘हप्ते मी भरीन’ या शब्दावर भावाने स्वतःच्या नावे दहा लाखांचे वैयक्तिक कर्ज काढून दिले. व्याज १२ टक्के, मुदत पाच वर्षे, मासिक हप्ता सुमारे २२,२४४ रुपये.

दीड वर्ष हप्ते वेळेवर गेले. पुढे बाजारातील उधारी अडकली आणि लागोपाठ तीन हप्ते थकले. बँकेच्या लेखी कर्जदार एकच, ज्याची सही आहे तो. थकबाकीची नोंद भावाच्या नावे झाली, वसुलीचे फोन त्याला आले आणि त्याचे गृहकर्ज अडले. हप्ते नियमित असते, तरीही ते त्याच्या उत्पन्नातून वजा होऊन गृहकर्जाची पात्रता घटलीच असती.

व्यापाऱ्याच्या पदरीही काही पडले नाही. दीड वर्ष हप्ते भरूनही त्याचा गुणांक सुधारला नाही, कारण त्याच्या नावे कर्जच नव्हते. हप्त्याची रक्कम तो भावाला रोख देई. त्यामुळे किती फेडले याचा पुरावाही उरला नाही.

अशा वेळी स्वतःच्या नावे छोटे सोनेतारण कर्ज घेणे अधिक हिताचे. तेथे मुख्य आधार तारणाचा असतो आणि वेळेवर केलेली फेड स्वतःच्याच नावे नोंदली जाते. नातेवाइकाचा आधार घ्यावाच लागला, तर बँकेला खरे सांगून दोघांनी सहकर्जदार व्हावे आणि हप्ता व्यापाऱ्याच्या खात्यातूनच जावा.