जुन्या दराच्या चकल्या

दिवाळी जवळ आली की घरगुती फराळ करणाऱ्यांना एक मेसेज हमखास येतो. "ताई, भाजणीची चकली साडेचारशे रुपये किलोच ना?" ताई म्हणतात, "अहो, तो जुना दर." त्यावर पलीकडून स्क्रीनशॉट येतो: त्यांच्याच इन्स्टाग्राम पानावरची 2020 सालची पोस्ट. गिऱ्हाईक खोटं बोलत नसतं. त्याने फक्त पोस्टवरची तारीख पाहिलेली नसते, आणि ती कोणीच पाहत नाही.

समजा, कोथरूडमधलं असं एक पान आहे. 2018 मध्ये सुरू झालं, टाळेबंदीत जोरात चाललं, मग दोन-तीन वर्षं कोणी त्याकडे फिरकलं नाही. आता धंदा पुन्हा उभा करायचा आहे. अशा वेळी बहुतेक जण आधी अंधूक, पिवळट फोटो काढून टाकतात. माझ्या मते सुरुवातच इथे चुकते. फोटो देखणा आहे का, हा प्रश्न नंतरचा. आज ही पोस्ट वाचून नवं गिऱ्हाईक काही चुकीचं समजेल का, हे आधी बघायचं.

इन्स्टाग्रामवर पोस्ट नाहीशी करण्याच्या दोन वाटा आहेत. अर्काइव्ह केलेली पोस्ट लोकांना दिसत नाही, पण लाइक आणि कॉमेंटसकट तुमच्याकडे शाबूत राहते. परत आणली की ती जुन्याच तारखेच्या जागी जाऊन बसते. डिलीट केलेली पोस्ट 30 दिवस Recently deleted मध्ये पडून असते, त्यानंतर ती गेली ती गेलीच. म्हणून मनात शंका असेल तेव्हा अर्काइव्ह करावं.

आता कोथरूडच्या पानावरच्या चार पोस्टी घेऊ. पहिली टाळेबंदीतली: दरपत्रक, 'सोसायटीच्या गेटवर डिलिव्हरी', आणि आता बंद पडलेला फोन नंबर. ही अर्काइव्हमध्ये जाते. नव्या गिऱ्हाइकाला तिचा उपयोग नाही, पण त्या वर्षी काय विकलं, कशाला मागणी होती, हे ताईंना पुढे बघता येईल.

दुसरी अनारशांची. फोटो ट्यूबलाइटखाली काढलेला, अगदी सुमार. खाली मात्र तीस-पस्तीस कॉमेंट: कोणी जाळीचं कौतुक केलंय, कोणी पुढच्या वर्षीची ऑर्डर तिथेच नोंदवलीय. ही पोस्ट ठेवायची. असा पुरावा पैसे देऊनही मिळत नाही. मजकुरात जुना दर असेल तर तेवढाच खोडावा. पोस्टखालचा मजकूर केव्हाही बदलता येतो. चित्रावरच छापलेला दर मात्र बदलता येत नाही. अनेक फोटोंच्या पोस्टमध्ये दरपत्रकाचा फोटो एकच असेल, तर तेवढाच काढून बाकीची पोस्ट राखता येते.

तिसरी पोस्ट म्हणजे एका काकूंच्या व्हॉट्सअॅप मेसेजचा स्क्रीनशॉट. भरभरून स्तुती, आणि वर त्यांचा फोन नंबर, पार्सलसाठी दिलेला पत्ता. इथे अर्काइव्ह पुरेसं नाही. पानाचा पासवर्ड भाच्याकडे, जुन्या मदतनीसाकडे, आणखी कोणाकोणाकडे असतो, आणि अर्काइव्ह त्या सगळ्यांना दिसतं. डिलीट करावी, Recently deleted मधूनही लगेच काढावी. स्तुती हवीच असेल तर काकूंना विचारून, नंबर-पत्ता झाकून, नव्याने टाकावी. दुसऱ्याच्या पानावरून उचललेल्या फोटोंनाही हाच न्याय.

चौथीवर घरात वाद होतो. 'मधुमेहींनी बिनधास्त खावेत असे खजुराचे लाडू.' पोस्ट लोकप्रिय आहे, बऱ्याच जणांनी सेव्ह केली आहे. पण खजुरात साखर असतेच, आणि हा दावा ताईंना कोणासमोर सिद्ध करता येणार नाही. लाइक कितीही असोत, ही डिलीटच व्हायला हवी.

शंभर-दोनशे पोस्टी एकेक करत बसायची गरज नाही. Your activity मध्ये पोस्टी एकत्र निवडून अर्काइव्ह किंवा डिलीट करता येतात. त्याआधी सेटिंगमधून आपल्या माहितीची प्रत उतरवून घ्यावी. ती तयार व्हायला वेळ लागू शकतो, म्हणून हे काम आधी. जिची लिंक तुम्ही गिऱ्हाइकांना पाठवत आला आहात ती पोस्टही सांभाळून, कारण अर्काइव्ह केली की लिंकवर काही दिसत नाही. चाळणीतून राहिलेल्यांपैकी चांगल्या तीन पोस्टी पिन करून वर ठेवा, त्यांतली एक आजच्या दराची असू द्या.

एवढं करूनही जुना दर विचारणारे मेसेज थांबत नाहीत, तेव्हा फेसबुक पेज उघडून बघा. इन्स्टाग्रामवरून तिकडे आपोआप गेलेली पोस्ट इन्स्टाग्रामवर डिलीट केल्याने तिथून जात नाही. ती तिथे जाऊन वेगळी काढावी लागते.