अकरा पानांचा सीव्ही दोन पानांत कसा बसवला?

आजचा भाग नृसिंहवाडीतल्या माझ्या घरातून रेकॉर्ड केलाय. मागे घाटावरची घंटा ऐकू आली तर चालवून घ्या.

विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलेला. फेलोशिपवाले म्हणतात, "सीव्ही दोन पानांत द्या." आपल्याकडे असतो अकरा पानांचा. मग काय कापायचं?

मी आधी चुकीच्या मार्गाने गेलो. फॉन्ट बारीक केला, समास कमी केले आणि सगळं कोंबलं. तो अर्ज पहिल्याच चाळणीत बाद झाला. नंतर लक्षात आलं की प्रश्न लांबीचा नव्हताच.

आपला सीव्ही लांब का होतो, ते आधी बघू. २०१०च्या यूजीसी नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीसाठी एपीआय नावाची गुणपद्धत आणली. रिफ्रेशर कोर्स, सेमिनार, एनएसएस, समित्या, सगळ्याला गुण. नंतर नियम बदलले, पण सवय राहिली. तो सीव्ही मोजण्यासाठी लिहिलेला असतो. फेलोशिपची समिती मात्र एवढंच बघते : हा माणूस कोणता प्रश्न धरून बसलाय आणि तो पुढचं काम तडीस नेईल का?

म्हणून दुसऱ्या वेळी मी कापायला बसलोच नाही. आधी कागदावर माझा प्रश्न एका वाक्यात लिहिला : कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ पुराचं पाणी घराघरात किती चढतं आणि ते आधी सांगता येईल का? मग मूळ सीव्हीतल्या प्रत्येक नोंदीला विचारलं, "तुझा या प्रश्नाशी काय संबंध?" थेट पुरावा असेल तर ठेवायची. कौशल्य दाखवत असेल तर एका ओळीत. बाकी मूळ फाइलमध्येच राहू द्यायचं. ती फाइल कधी पुसायची नाही, पुढच्या अर्जाला वेगळ्या नोंदी लागतात.

यात एक गंमत झाली. सातव्या पानावर 'सामाजिक कार्य' या मथळ्याखाली एक ओळ होती : "पूरग्रस्तांसाठी एनएसएस शिबिर, २०१९." मी ती कापणारच होतो. मग आठवलं, त्याच शिबिरात आम्ही भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा मोजल्या होत्या. माझ्या पीएच.डी.ची पहिली आकडेवारी तीच. ती ओळ मी पहिल्या पानावर आणली आणि अशी लिहिली :

"२०१९च्या पुरानंतर वाडी-कुरुंदवाड परिसरातल्या ६४ घरांवरील पाण्याच्या खुणांची उंची नोंदवली, २०२१च्या पुरानंतर त्यांपैकी ४१ घरांवर पुन्हा मोजमाप. आखणी व विश्लेषण माझे. मोजणीत ८ विद्यार्थ्यांचा सहभाग."

बघा, 'शिबिर' हा शब्दच गेला. काय केलं, किती केलं आणि त्यात माझा वाटा कोणता, हे आलं. शेवटचा भाग गाळू नका. सगळं मीच केलं असं लिहिलंत, तर मुलाखतीच्या दुसऱ्या प्रश्नातच उघडं पडतं.

शोधनिबंधांचंही तसंच. माझे नऊ होते, मी चार ठेवले. इम्पॅक्ट फॅक्टर काढून टाकले. जर्नलच्या आकड्यावरून संशोधकाला जोखू नका, असा जाहीरनामा २०१२ मध्येच सॅन फ्रान्सिस्कोत तयार झाला आणि जगभरातल्या अनेक संस्थांनी त्यावर सही केली. आकड्याच्या जागी प्रत्येक निबंधाखाली एक ओळ, 'यातून काय कळलं' एवढीच. उरलेल्यांसाठी माझ्या ऑर्किड पानाची लिंक दिली. पण जाहिरातीत "इम्पॅक्ट फॅक्टर द्या" असं स्पष्ट लिहिलं असेल तर द्यायचाच. आणि छापून आलेला, स्वीकारलेला, फक्त पाठवलेला, हे तीन प्रकार वेगळे लिहा. 'पाठवलेला' निबंध 'प्रकाशित'मध्ये सरकवणं म्हणजे थेट खोटेपणा.

दहावी-बारावीचे टक्के, जन्मतारीख, वडिलांचं नाव, शेवटचं प्रतिज्ञापत्र, हे अर्जात मागितलं नसेल तर काढा. तेवढ्यातच माझं अर्धं पान मोकळं झालं. मधलं एक वर्ष मात्र लपवलं नाही. "२०२०-२१ : कौटुंबिक आजारपणामुळे खंड," असं साधं लिहिलं. रिकामी जागा दिसली की वाचणारा स्वतःच काहीतरी कल्पना करतो.

शेवटी कसोटी. माझे मेहुणे पेढ्यांच्या दुकानात बसतात, संशोधनाशी काही संबंध नाही. त्यांना पहिलं पान दिलं, मिनिटभराने काढून घेतलं आणि विचारलं, "दाजी, हा माणूस काय करतो?" पहिल्या मसुद्यावर ते म्हणाले, "लई कोर्स केल्यात बघा." तिसऱ्यावर म्हणाले, "पाणी कुठवर येतंय ते मोजतोय." त्याच दिवशी मी फाइल पाठवली.

या वेळी मुलाखतीला बोलावलं. पहिलाच प्रश्न होता त्या ६४ घरांवर. निकाल अजून यायचाय. आला की सांगतोच.

तोवर तुमची सातव्या पानावरची ओळ शोधून ठेवा. भेटू पुढच्या भागात!